उत्तर: उत्तर: तातडीचं – शनिवारी पीटीई, पासपोर्टावर वडिलांचं नाव आहे, बुकिंगमध्ये नाही

प्रेषक: मंगल (रावपुरा)
सोमवार, रात्री

नमस्कार सगळ्यांना.
आमच्या ऋतुजाची पीटीई, म्हणजे परदेशी विद्यापीठांसाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा, येत्या शनिवारी सकाळी ९ ला आहे, सेंटर अलकापुरीकडचं. आज सहज तिचा पासपोर्ट आणि कन्फर्मेशनची ईमेल शेजारी शेजारी ठेवून पाहिली. पासपोर्टात दिलेलं नाव `RUTUJA SANJAY` असं आहे, बुकिंगमध्ये नुसतं `RUTUJA`. आडनाव दोन्हीकडे एकच. क्लासवाला म्हणतो, "आंटी, सगळे असंच करतात, चालतं." पण चाललं नाही तर दारातूनच परत पाठवतील आणि फी बुडेल. ती लहान रक्कम नाही.
दुसरं, गुरुवारी दिरांकडे लग्न आहे, मेहंदी बुधवारी. तिथे तळहात स्कॅन करतात म्हणे. मेहंदी काढू द्यावी का?
तिसरं, ऋतुजाचा प्रश्न. बसल्यावर सुरुवातीला हेडफोन तपासण्याचे स्क्रीन येतात, तेव्हा घड्याळ चालू असतं का? तिला वाटतं, तिथे वेळ काढला की बोलण्याच्या भागातला वेळ कापला जातो. मैत्रिणीने तसं सांगितलंय.
कोणाची मुलं नुकतीच बसली असतील तर सांगा. पराग, तू वाचतोयस का?

--

प्रेषक: वसंतराव (दांडिया बाजार)
मंगळवार, सकाळी

मंगलताई, काळजीचं कारण नाही. बँकेत असताना आमच्याकडे परीक्षांची केंद्रं असायची, त्यामुळे हे सगळं जवळून पाहिलं आहे. मूळ आधार, पॅन, दोन्हींच्या झेरॉक्स आणि दोन फोटो सोबत द्या. नावात फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करून घ्या. कोर्टाजवळ अर्ध्या तासात होतं.
मेहंदीबद्दल मात्र सावध. बँकांच्या भरतीच्या सूचनांत स्पष्ट लिहिलेलं असतं की बोटांना शाई, मेहंदी वगैरे लागलेली असेल तर स्वच्छ धुऊन या. बोटं ओली असतील तर पुसून कोरडी करा. अंगठ्याला जखम असेल तर आधीच सांगा, मग दुसऱ्या बोटाचा, अगदी पायाच्या बोटाचाही ठसा घेता येतो. थट्टा नाही, छापील सूचना आहे.
घड्याळाचं म्हणाल तर आमच्याकडे सूचना वाचण्याचा वेळ वेगळा असे.

--

प्रेषक: नीलिमा (फतेहगंज)
मंगळवार, दुपारी

वसंतकाका, बँकेच्या परीक्षेसाठी तुमचं सगळं बरोबर आहे. पीटीईसाठी त्यातलं बहुतेक निरुपयोगी आहे. मी अशा केंद्रावर पर्यवेक्षक होते, म्हणून थोडं लांब लिहिते.

भारतात पीटीईला ओळखपत्र एकच, पासपोर्ट. मूळ आणि मुदतीतला. झेरॉक्स नाही, फोनमधला फोटो नाही. आधार दाखवलं तर समोरची मुलगी ते हसून परत देईल. पासपोर्ट नूतनीकरणाला गेला असेल तर त्या दिवशी परीक्षा होणार नाही, ही गोष्ट लोक अगदी आदल्या रात्री लक्षात आणून देतात.

आता नाव. पुढच्या टेबलावरची व्यक्ती पासपोर्टाचं पान उघडते आणि पडद्यावरच्या बुकिंगशी ताडून बघते. नियम एका ओळीचा आहे: बुकिंगमधलं नाव पासपोर्टावरच्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. टेबलावर बसलेल्या माणसाला नाव दुरुस्त करण्याचा अधिकार नसतो. त्याच्याकडे तेवढी सोयच नसते. म्हणून प्रतिज्ञापत्राचाही उपयोग नाही, कारण ते बघून तो करणार काय?

आपल्याकडे हा घोटाळा का होतो ते सांगते. गुजरातेत आणि महाराष्ट्रात पासपोर्टाचा अर्ज भरताना 'दिलेलं नाव' या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं घालायची पद्धत आहे. परीक्षेच्या खात्यात मात्र मुलं नाव आणि आडनाव एवढंच लिहितात, कॉलेजात लिहितात तसं. म्हणून आपल्या मुलांना हा प्रश्न हमखास पडतो.

मंगलताई, तुमच्याकडे चार दिवस आहेत. आजच पीटीईच्या ग्राहक सेवेला लिहा आणि फोनही करा. सेंटरला नव्हे, ग्राहक सेवेला. ऋतुजाच्या खात्याचा ईमेल, परीक्षेचा दिनांक आणि पासपोर्टावरचं नाव जसंच्या तसं:

```
Given Name: RUTUJA SANJAY
Surname: (पासपोर्टावर आहे तसं)
```

दुरुस्ती झाल्यावर नवीन कन्फर्मेशन येईल. ते नाव अक्षरन् अक्षर वाचा. त्यात `SANJEY` लिहिलं गेलं तर तीच कटकट पुन्हा.

बाकीचं रात्री लिहिते.

--

प्रेषक: पराग (मेलबर्न, मूळचा मांडवी)
मंगळवार, संध्याकाळी

मंगलकाकू, वाचतोय.
नीलिमाताई, मी बापाच्या नावाशिवाय बसलो होतो आणि आत घेतलं होतं. काही झालं नाही. तिकडची मुलगी दोनदा पासपोर्टाकडे बघत होती, मग तिने कोणाला तरी विचारलं आणि सोडलं. मला वाटतं हे जरा वाढवून सांगितलं जातं. खरी गोची आत गेल्यावर होते, माइकची. आमच्या खोलीत सगळे एकाच वेळी बडबडत होते, मला माझाच आवाज ऐकू येईना.
आणि नाश्ता करून जा. मी सेव उसळ खाऊन गेलो होतो, ती चूक नव्हती. 😀

--

प्रेषक: नीलिमा (फतेहगंज)
मंगळवार, रात्री

पराग, तुला सोडलं असेल, मी नाकारत नाही. तशी मुलं मी पाहिली आहेत आणि परत गेलेलीही पाहिली आहेत. त्या मुलीने कोणाला तरी विचारलं म्हणतोस ना? त्या 'कोणाला तरी' वर ऋतुजाने फी लावायची का? परत पाठवलेल्याला पैसे मिळत नाहीत, आणि दुसरी तारीख अर्जाच्या मुदतीत मिळेलच असं नाही. चार दिवस हातात असताना जुगार कशाला?

--

प्रेषक: कुंदामावशी (कारेलीबाग)
बुधवार, सकाळी

नावावरून आठवलं. आमच्या सूनबाईंच्या पासपोर्टात माहेरचं नाव आणि व्हिसाच्या अर्जात सासरचं, त्यामुळे एक महिना खोळंबा झाला. शेवटी लग्नाचं सर्टिफिकेट लागलं. तेव्हा मंगल, ऋतुजाच्या लग्नाआधीच सगळे कागद एकसारखे करून घे. आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नाही.
आणि मेहंदी काढू दे ग. लग्नघरात मुलीने कोरे हात घेऊन बसायचं का? परीक्षा होत राहतील.

--

प्रेषक: वसंतराव (दांडिया बाजार)
बुधवार, सकाळी

कुंदाताई, प्रश्न व्हिसाचा नाही, परीक्षेचा आहे. ऋतुजाचं लग्नही नाही.
नीलिमा, आधारबद्दल माझी माहिती जुनी असेल, मान्य. पण मेहंदीचा मुद्दा तुम्ही टाळलात.

--

प्रेषक: नीलिमा (फतेहगंज)
बुधवार, दुपारी

टाळला नाही, काका. केंद्रावर कुठलं यंत्र आहे त्यावर उत्तर अवलंबून आहे. बोटाचा ठसा घेणारं यंत्र कातडीवरच्या रेषा पाहतं, तिथे मेहंदीचा थर, कापलेलं बोट, ओला हात, सगळंच आड येतं. पीटीईच्या केंद्रांवर बऱ्याच ठिकाणी तळहाताच्या शिरा वाचणारं यंत्र असतं. ते डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात कातडीखालचं रक्त पाहतं, म्हणून रंगाचा तितका त्रास होऊ नये. तरी 'होऊ नये' आणि 'होत नाही' यांत फरक आहे. माझ्यासमोर मेहंदीवाल्या मुलींचे हात पुन्हा पुन्हा ठेवायला लावलेले आहेत, त्यात किती वाटा मेहंदीचा आणि किती घाबरून हात हलण्याचा, ते मी सांगू शकत नाही. सेंटरला फोन करून विचारा. नाहीतर हाताच्या मागच्या बाजूला काढा, तळवा मोकळा ठेवा. कुंदामावशी, त्यातही शोभा असते.

आता दारापासून खुर्चीपर्यंत. अर्धा तास आधी पोचायचं. पासपोर्ट तपासून झाला की परीक्षेच्या अटी वाचायला देतात, मग डिजिटल सही, फोटो, तळहात. फोन बंद करून, घड्याळ, पाकीट, पर्स सगळं लॉकरमध्ये. खिसे उलटे करून दाखवायला सांगतात, चष्मा काढून हातात घेऊन बघतात, बाह्या वर करायला लावतात. मुली यावर रागावतात, पण ते प्रत्येकाचंच करतात. गळ्यातली जाड माळ, मोठी कानातली घरीच ठेवलेली बरी. बाथरूमला आधीच जाऊन यायचं, कारण दोन तासांच्या आसपासच्या परीक्षेत मधली सुट्टी नाही, मध्ये उठलं तर वेळ चालूच राहते आणि परत आत येताना तळहात पुन्हा.

आत पुसता येणारी वही आणि पेन देतात. पेन चालतं की नाही ते बाहेरच बघायला सांगा. परीक्षा सुरू होण्याआधी त्या वहीवर काहीही लिहायचं नसतं. क्लासमध्ये पाठ केलेले साचे मुलं हेडफोन तपासण्याच्या स्क्रीनवर बसून उतरवून काढतात. पर्यवेक्षकाचं लक्ष नेमकं तिथेच असतं.

जागा तुम्ही निवडत नाही. पर्यवेक्षक संगणक चालू करून देतो आणि पडद्यावरचं नाव बघायला सांगतो. तिथे 'हो' म्हणण्याआधी खरंच वाचायचं.

पुढचं रात्री, आता ऑफिस.

--

प्रेषक: मंगल (रावपुरा)
बुधवार, रात्री

ग्राहक सेवेला मंगळवारीच लिहिलं होतं. त्यांनी पासपोर्टाच्या पहिल्या पानाची प्रत मागितली, ती पाठवली. अजून उत्तर नाही. क्लासवाला आता म्हणतो, "मी आधीच सांगितलं होतं, नाव पूर्ण टाका." असो.
मेहंदी मागच्या बाजूने काढली. तिने स्वतःच ठरवलं.
मंडळाचा हेडफोन, तो नाटकाच्या वेळी आणलेला, सरावाला एक दिवस मिळेल का? घरचा कानात घालायचा आहे, तोंडापुढे माइक येतो त्याची तिला सवय नाही.

--

प्रेषक: सचिव
बुधवार, रात्री

सभासदांनो, ही यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे, याची नम्र आठवण. दत्तजयंतीच्या प्रसादासाठी अजून फक्त तिघांनी नावं दिली आहेत.
हेडफोन ध्वनिव्यवस्थेच्या कपाटात आहे आणि किल्ली कोषाध्यक्षांकडे. गेल्या वेळी एकांकिकेनंतर एक वायर परत आली नव्हती, ती कोणाकडे आहे हे मी इथे लिहीत नाही. नोंदवहीत सही करून न्यावा.

--

प्रेषक: पराग (मेलबर्न, मूळचा मांडवी)
गुरुवार, पहाटे

सचिवसाहेब, वायर माझ्याकडे नाही. 😀
मंगलकाकू, हेडफोन नसला तरी चालेल. तिथला वेगळाच असतो.
माइकचं सांगतो. मी तपासणीच्या स्क्रीनवर 'हॅलो हॅलो' म्हटलं, निळी पट्टी पुढे सरकली, मला वाटलं आवाज जातोय, पुढे गेलो. पट्टी सरकली म्हणजे ठीकच ना?

--

प्रेषक: नीलिमा (फतेहगंज)
गुरुवार, सकाळी

नाही! आणि हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त लिहायची होती.

ती पट्टी आवाजाची नाही, वेळेची आहे. रेकॉर्डिंगला किती सेकंद झाले ते ती दाखवते. तोंड बंद ठेवून बसलात तरी ती सरकेल. माइक चालतो की नाही हे कळण्याचा एकच मार्ग म्हणजे रेकॉर्ड केलेलं परत ऐकणं, आणि नेमकी तीच पायरी मुलं घाईत सोडून देतात.

क्रमाने सांगते. आधी हेडफोनची तपासणी येते. एक आवाज वाजवून ऐकायचा आणि तो सुखावह होईल इतका ठेवायचा. शेजारी कोणीतरी मोठ्याने वाचत असणार, म्हणून घरी ठेवता त्यापेक्षा थोडा वरच. तो पुढेही कमीजास्त करता येतो.

मग माइक. इथे 'हॅलो हॅलो' म्हणू नका. परीक्षेत ज्या आवाजात आणि ज्या वेगाने बोलणार, तसं पूर्ण वाक्य बोला, स्वतःचं नाव, गाव, काहीही. मग थांबवून परत ऐका. ऐकताना तीन गोष्टी कळतात. आवाज फार हळू आहे का, तसं असेल तर माइक थोडा जवळ. शब्द फुटल्यासारखे, जोरात आदळल्यासारखे ऐकू येतात का, तर माइक फार जवळ आहे किंवा तुम्ही ओरडताय. आणि प्रत्येक शब्दानंतर फू-फू असा वारा आहे का. तो श्वासाचा असतो, माइक ओठांच्या अगदी समोर ठेवल्यामुळे. तो किंचित बाजूला सरकवायचा, आणि एकदा ठेवला की हात लावायचा नाही. हातात धरून बोलणारीही मुलं असतात, घासल्याचा आवाज येतो तो वेगळाच.

हे समाधान होईपर्यंत पुन्हा पुन्हा करता येतं. पराग, तुझ्या खोलीत सगळे एकदम बडबडत होते ना, त्याला उपाय नाही, प्रत्येकाची सुरुवात मागेपुढे होते. पण तपासणीतच खोलीतला गोंगाट तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये किती येतोय हे तुला ऐकता आलं असतं. माइक जवळच्या आवाजासाठी असतो, शेजाऱ्याचं बोलणं त्यात तुला कानाला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ कमी येतं. ते एकदा ऐकलं की माणूस ओरडत नाही.

ऐकू आलंच नाही, खरखर आली, एका कानात बंद असलं, तर 'पुढे' दाबू नका. हात वर करा. हेडफोन बदलून मिळतो. पुढे गेल्यावर त्या स्क्रीनवर परत येता येत नाही, आणि गुणांचे प्रश्न सुरू झाल्यावर हात वर केला तर तोपर्यंत गेलेलं उत्तर गेलंच.

कीबोर्डचा स्क्रीन नुसता बघून सोडा, वरची ओळ `QWERTY` असली की झालं.

ऋतुजाचा घड्याळाचा प्रश्न: तपासणीच्या या स्क्रीनवर घालवलेला वेळ बोलण्याच्या भागातून कापला जात नाही. मैत्रिणीचा घोटाळा बहुधा यानंतरच्या ओळख करून देण्यामुळे झाला असावा. तिथे घड्याळ असतं: सूचना वाचायला २५ सेकंद आणि बोलायला ३० सेकंद. त्याला गुण नाहीत, पुन्हा रेकॉर्ड करता येत नाही, आणि निकालाबरोबर ते विद्यापीठांना जातं. आतल्या बाकीच्या बोलण्याचा सराव म्हणून हीच एक जागा आहे, म्हणून तिथे गप्प बसू नये. शांतपणे तीस सेकंद बोलावं.

पुढच्या मोठ्याने वाचण्याच्या प्रश्नांत बीप वाजल्यावर बोलायचं आणि तीन सेकंदांहून जास्त थांबलं की रेकॉर्डिंग बंद होतं. वाक्य ऐकून परत म्हणायच्या प्रश्नात मात्र बीप नसतो. मुलं त्याची वाट बघत बसतात आणि तेच तीन सेकंद जातात.

--

प्रेषक: वसंतराव (दांडिया बाजार)
गुरुवार, दुपारी

एक शंका. ती ३० सेकंदांची ओळख विद्यापीठाला जाते म्हणता, तर मग तिथे काय बोलावं हे कोणी तयार करून देऊ नये का? मी इंग्रजीत उत्तम मसुदा लिहून देऊ शकतो.

--

प्रेषक: पराग (मेलबर्न, मूळचा मांडवी)
गुरुवार, संध्याकाळी

वसंतकाका, पाठ केलेलं लगेच कळतं हो. मी विद्यापीठात शिकलो तिथे ते कोणी ऐकलं की नाही देव जाणे, मला तरी कोणी काही विचारलं नाही.
नीलिमाताई, पट्टीचं मला आत्ता कळलं. माझी परीक्षा झाली म्हणजे नशीबच.

--

प्रेषक: मंगल (रावपुरा)
शुक्रवार, सकाळी

ग्राहक सेवेकडून काल रात्री दुरुस्त कन्फर्मेशन आलं. `RUTUJA SANJAY`, आणि आडनाव बरोबर. ऋतुजाने मोठ्याने वाचलं, मी पासपोर्ट हातात धरून.
वसंतराव, मसुदा पाठवू नका, तिने स्वतःच लिहिलाय, आणि तो पाठ करणार नाही म्हणते.
सेंटरला मेहंदीचं विचारलं. फोनवरची मुलगी म्हणाली, "काही होणार नाही," आणि लगेच, "पण आमची जबाबदारी नाही." तळवा मोकळा आहे, तेव्हा बघू.
दत्तजयंतीच्या प्रसादाला माझं नाव लिहा, दोन किलो शिरा.
उद्या सकाळी आठच्या सुमारास अलकापुरीकडे जाणारं कोणी आहे का? आमच्या ह्यांना लग्नाचा उरलेला हिशेब आहे, आणि शनिवारी तिकडे गाडी लावायला जागा मिळत नाही.

--

प्रेषक: कुंदामावशी (कारेलीबाग)
शुक्रवार, सकाळी

माझा नातू आहे, त्याच वाटेने जातो. साडेसातला रावपुऱ्यात येईल. पासपोर्ट घेतला का, ते निघताना त्याच्यासमोर बघा, तो तुम्हाला विचारणार नाही.